चवड्याखालचं रबर

सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणी नवे बूट घ्यायचं ठरवलं की पहिला सल्ला मिळतो तो घोट्याबद्दल. घोटा झाकणारा उंच बूट घे, म्हणजे पाय मुरगळणार नाही. पाठीवर मोठं ओझं घेऊन दिवसभर दगडगोट्यांच्या पायवाटेने चालायचं असेल, तर उंच बूट घेणं चुकीचं नाही. पण पायवाट संपून हात लावून कातळ चढायची वेळ आली की प्रश्न वेगळा होतो. तिथे बहुतेक वेळा माणूस घसरतो तो चवड्याखालचं रबर कातळावर टिकलं नाही म्हणून. अप्रोच शूज आणि हायकिंग बूट यांतली निवड मुळात या चवड्याखालच्या भागाची निवड आहे. घोट्याची गोष्ट त्यानंतर येते.

हायकिंग बूट चालण्यासाठी बनतो. घोट्याच्या वर जाणारी कॉलर, जाड आणि बऱ्यापैकी ताठ तळ, खाली चार-पाच मिलिमीटर खोल दाते आणि टाचेपुढे सोलला स्पष्ट पायरी, अशी त्याची रचना असते. अप्रोच शू हा प्रस्तरारोहकांचा बूट. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं, वाटेत लागणारे सोपे कातळटप्पे दोर न काढता ओलांडायचे, आणि मग खरी चढाई सुरू करताना पायात तंग क्लाइंबिंग शूज चढवायचे, या मधल्या कामासाठी तो तयार झाला. तो घोट्याखालीच संपतो. सोलचं रबर मऊ आणि चिकट असतं, दाते उथळ असतात, आणि अंगठ्याखाली तर दाते जवळजवळ नसतातच. तिथे सपाट रबराचा एक पट्टा असतो. चवड्याभोवतीही रबराची पट्टी वर चढवलेली असते आणि नाड्या थेट बोटांपर्यंत ओवलेल्या असतात.

अंगठ्याखालचा तो सपाट पट्टा हे या बुटाचं मर्म आहे.

कातळावर पाय दोन प्रकारे टिकतो. पहिल्या प्रकारात उतरत्या, खोबण नसलेल्या कातळावर चवडा नुसता दाबून उभं राहायचं असतं. इथे फक्त घर्षण काम करतं आणि त्याचं गणित अगदी साधं आहे. रबर आणि खडक यांच्यातला घर्षणगुणक ०.७ असेल, तर साधारण ३५ अंशांच्या उतारापर्यंत पाय टिकतो. तो १ असेल, तर ४५ अंशांपर्यंत टिकतो. मऊ रबर दाबाखाली खडकाच्या बारीक खरखरीत उंचवट्यांत शिरतं, त्यांना धरून राहतं आणि घसरताना आकार बदलण्यात ऊर्जा खर्च करतं. कडक रबर त्या उंचवट्यांच्या माथ्यांवर नुसतं टेकतं. हायकिंग बुटाचं रबर टिकाऊ हवं म्हणून बहुधा अधिक कडक ठेवलेलं असतं. शिवाय खोल दाते असल्यामुळे सपाट कातळाला तळाचा थोडाच भाग लागतो, आणि जोर आला की ते दाते वाकतात. पायाखाली काहीतरी सरकतंय असं वाटतं, ते या वाकण्यामुळे.

आता कॉलरकडे येऊ. समोर तोंड करून ३५ अंशांच्या कातळावर चढताना पूर्ण चवडा आणि जमेल तेवढा तळवा टेकवायचा असेल, तर घोटा तेवढाच पुढे वाकायला हवा. वजन टाकून वाकवल्यावर बहुतेकांचा घोटा ३५ ते ४० अंशांपर्यंत वाकतो. उंच, ताठ कॉलर नेमकं हे वाकणं रोखते. मग नडगी पुढे झुकत नाही, टाच वर उचलली जाते आणि बुटाच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो. घोट्याला आधार म्हणून घेतलेला भाग उतरत्या कातळावर पकड कमी करतो. असा बूट पायात असेल, तर अशा जागी वरच्या दोन कड्यांतून नाडी काढून टाकावी. घोटा मोकळा होतो आणि फरक लगेच जाणवतो.

इथेच चढण्याच्या ढबीचाही विचार करायला हवा, कारण वाईट ढब कुठल्याही रबराला हरवते. भीती वाटली की माणूस कातळाला बिलगतो आणि दोन्ही हात समोर रेटतो. त्यामुळे पायाचा कातळावरचा दाब कमी होतो, पण खाली ओढणारं बळ तेवढंच राहतं, आणि पाय सुटतो. कंबर कातळापासून जरा बाहेर, वजन सरळ पायांवर, टाचा खाली, अशी ठेवण असेल तर तोच बूट टिकतो.

दुसऱ्या प्रकारात छोटी खाच किंवा कंगोरा असतो, कधी बोटभर रुंदीचा. तिथे घर्षणापेक्षा तळाची कडा आणि ताठरपणा महत्त्वाचा. नुसता मऊ धावण्याचा बूट इथे दुमडतो आणि पोटऱ्या थरथरू लागतात. ताठ हायकिंग बूट अशा कंगोऱ्यावर चांगला उभा राहतो, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण त्याचा पुढचा भाग गोल, जाड आणि बोटांपेक्षा बराच पुढे आलेला असतो. त्यामुळे अंगठा कंगोऱ्यापासून दूर राहतो आणि पाय नक्की कशावर आहे ते कळत नाही. अप्रोच शूमध्ये चवड्याखाली मध्यम ताठरपणा असतो, कडा धारदार असते आणि अंगठा त्या कडेच्या जवळ असतो. म्हणून नवशिक्यालाही पाय ठेवल्यावर "बसला" की नाही ते समजतं.

या दोन्ही बुटांचा इतिहास एकाच गरजेतून निघालेला आहे. एकेकाळी आल्प्समध्ये चढणारे तळाला खिळे ठोकलेले बूट वापरत आणि अवघड कातळावर बूट काढून हलके कापडी तळाचे जोडे घालत. १९३५ साली इटालियन आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर खराब हवामानात सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या मोहिमेत असलेल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खिळ्यांऐवजी रबराचा दातेरी तळ करायचा ध्यास घेतला, आणि १९३७ साली तो तळ आला. व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावातून आलं. १९५४ साली के-टूवर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच तळ होता. आजचे हायकिंग बूट त्याच वंशातले. अप्रोच शूज बरेच नंतरचे. १९८० च्या दशकात क्लाइंबिंग शूजमध्ये चिकट रबर आलं, आणि कॅलिफोर्नियात चार्ल्स कोल यांनी १९८५ साली सुरू केलेल्या फाइव्ह टेन कंपनीने तसलं रबर चालायच्या बुटाला लावलं. योसेमिटीच्या ग्रॅनाइटवर ते चटकन रुजलं. आपला सह्याद्री मात्र ग्रॅनाइटचा नाही. तो बेसाल्टचा आहे, आणि त्याच्या अंगावर मुरूम, वाळकं गवत आणि सुटे धोंडे भरपूर आहेत. त्यामुळे योसेमिटीतला निवाडा इथे तसाच्या तसा लागू होत नाही.

तो इथे कसा लागू होतो हे पाहायला हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घेऊ. कोकणातल्या बेलपाड्याहून निघून कोकणकड्याच्या बाजूच्या नाळेतून गडावर पोचणारी ही वाट सोपी नाही. माहितगार वाटाड्या, डोक्यावर हेल्मेट आणि कातळटप्प्यांसाठी दोर यांशिवाय तिथे जाऊ नये. पण एका दिवसात सह्याद्रीतले जवळजवळ सगळे पृष्ठभाग ती पायाखाली आणते, म्हणून बुटांच्या तुलनेसाठी ती उत्तम. चढाई हजार मीटरच्या आसपास आहे, आणि पाऊस संपून ओढे आटल्यावर, थंडीच्या महिन्यांत ती केली जाते.

सुरुवात ओढ्याच्या कोरड्या पात्रातून होते. पाण्याने गुळगुळीत केलेले मोठे धोंडे, एकावरून दुसऱ्यावर पाऊल. इथे अप्रोच शू स्पष्टपणे सरस ठरतो. धोंड्याचा माथा तिरका असला तरी चवडा चिकटतो, घोटा मोकळा असल्याने प्रत्येक पावलाचा कोन जुळवता येतो, आणि बूट हलका असल्याने तासभरानंतरही पाय नेमका पडतो. साधारण हायकिंग बुटांची जोडी बारा-चौदाशे ग्रॅमची, तर अप्रोच शूजची आठ-नऊशे ग्रॅमची असते. पायातलं वजन पाठीवरच्या सुमारे पाचपट वजनाइतकं थकवतं असं मोजमापांतून दिसलं आहे. म्हणजे हा चारशे-पाचशे ग्रॅमचा फरक पाठीवरच्या दोन-अडीच किलोंच्या बरोबरीचा झाला. धोंड्यांवरची घसरण बहुधा थकलेल्या पायाची असते, त्यामुळे हा हिशेब निव्वळ आरामाचा नाही.

नाळ अरुंद आणि उभी होत जाते तसा घसारा सुरू होतो. इथे पायाखालचं सगळं सरकतं. चिकट रबराचा उपयोग घट्ट खडकावर. सुट्या खड्यांवर ते काही धरू शकत नाही, कारण खडाच निसटतो. इथे बुटाने खड्यांत शिरून पायरी करायला हवी. त्यासाठी खोल दाते आणि ताठ पुढचा भाग हवा, आणि हायकिंग बूट ते काम सहज करतो. शिवाय वरून निसटलेला दगड घोट्याच्या हाडावर आदळतो तेव्हा उंच कॉलरची किंमत कळते. मुरगळण्यापेक्षा अशा मारापासून मिळणारं संरक्षण हा उंच बुटाचा मला सर्वांत खरा वाटणारा फायदा आहे. अप्रोच शू घालणाऱ्याच्या बुटात इथे खडे जातात. त्यावर छोटा गेटर किंवा वर ओढलेला जाड मोजा हा उपाय आहे. थांबून बूट झटकण्यात वेळ जातो, आणि दगड कोसळणाऱ्या नाळेत थांबणं धोक्याचं असतं.

मग कातळटप्पे येतात आणि निकाल पुन्हा उलटतो. खाचा लहान आणि तिरक्या, मधूनच नुसता चवडा दाबून उभं राहायची जागा. अप्रोच शू इथे घरच्या अंगणात असल्यासारखा चालतो. मात्र आत्ताच घसाऱ्यातून आलेल्या सोलवर मुरूम आणि धूळ बसलेली असते, आणि मधल्या खड्यांचा थर चिकट रबराला निरुपयोगी करतो. टप्प्याखाली थांबून दोन्ही तळ हाताने किंवा पँटवर घासून साफ करावेत. हायकिंग बुटात हे जास्त गरजेचं असतं, कारण दात्यांमध्ये अडकलेला खडा नेमका कंगोऱ्यावर आला की बूट त्या खड्यावर घरंगळतो. टप्प्याआधी पुढच्या नाड्या आवळाव्यात, म्हणजे पाय आत पुढेमागे सरकत नाही. अप्रोच शूच्या नाड्या बोटांपर्यंत का असतात ते इथे लक्षात येतं.

इथे वाटाड्यांविषयी सांगायला हवं. सह्याद्रीतल्या गावांतले कितीतरी वाटाडे असे टप्पे अनवाणी किंवा पातळ रबरी पादत्राणांत चढतात, आणि शहरी ट्रेकर ते पाहून थक्क होतो. त्यांचं कौशल्य आणि सवय यांना तोड नाही. पण त्यात रचनेचाही भाग आहे. पातळ, वाकणारा तळ आणि पूर्ण मोकळा घोटा यांमुळे तळव्याचा मोठा भाग कातळाला लागतो. ट्रेकरने चपला घालून चढावं असं मी म्हणणार नाही, कारण तसे पाय घडायला लहानपणापासूनची सवय लागते.

गडावर पोचल्यावर उतरायला बहुतेकजण पाचनईची सोपी वाट धरतात. सोपी असली तरी अप्रोच शूची कसोटी तिथे लागते. उताराचं वाळलेलं गवत आणि मुरमाची पायवाट यांवर उतरताना टाच रोवून थांबायचं असतं. काही अप्रोच शूजचा तळ टाचेपासून बोटांपर्यंत जवळजवळ सलग आणि मागे गोलाकार असतो. रोवायला कडाच नसल्याने तो गवतावर घसरतो. चढताना कुठेही न घसरलेला माणूस अशा सोप्या वाटेवर पडतो, तेव्हा सगळे दोष त्याच्या थकव्याला देतात. खरं म्हणजे तिथे तळ चुकीचा असतो. सह्याद्रीसाठी अप्रोच शू घेताना म्हणूनच मी आधी उलटा करून टाच पाहायला सांगतो. टाचेपुढे पायरी आणि मागे थोडे खोल दाते नसतील, तर तो बूट पुण्या-मुंबईच्या क्लाइंबिंग वॉलवर कितीही मिरवला तरी आपल्या उतारांसाठी नको.

आता मुरगळण्याचं काय? उंच कॉलरने मुरगळणं थांबतं या समजाला आधार कमी आहे. १९९३ साली अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात उंच आणि कमी उंचीचे बूट घालणाऱ्यांच्या मुरगळण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. डोंगर म्हणजे बास्केटबॉलचं मैदान नव्हे, हे खरं. पण तर्क इथेही लागू होतो. कापड आणि पातळ चामड्याची कॉलर पूर्ण वजनाने आत वळणारा घोटा धरून ठेवू शकत नाही. तो धरतात नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू, आणि ते वेळेवर आवळले जावेत यासाठी पायाला जमीन कळायला हवी. जाड, उंच तळावर पाय जमिनीपासून दूर जातो, आणि कलला तर अधिक जोराने वळतो. ज्यांचा घोटा आधी गंभीर दुखावलाय त्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून घोट्याचा पट्टा वापरावा. बुटाच्या कॉलरवर ते काम सोपवू नये.

ओझ्याचा मुद्दा मात्र वेगळा आहे. पाठीवर पंधरा किलोंची सॅक घेऊन दोन-तीन दिवस चालायचं असेल, तर अप्रोच शूच्या पातळ उशीवर तळवे संध्याकाळपर्यंत ठणकू लागतात. ताठ तळ भार पसरवतो. अशा रेंज ट्रेकला मी हायकिंग बूटच निवडीन आणि वाटेतले दोन-चार सोपे कातळटप्पे त्यात सांभाळून करीन.

पावसाळ्याबद्दल मात्र दोन्ही बुटांच्या भक्तांनी सावध असावं. स्वच्छ ओल्या खडकावर मऊ रबर बऱ्यापैकी टिकतं. पण शेवाळाचा थर आला की रबर आणि खडक यांचा संबंधच तुटतो, आणि चिकट रबर काय किंवा खोल दाते काय, दोन्ही सारखेच निकामी ठरतात. हिरवट काळी चकाकी दिसली की ती जागा टाळावी, दुसरा उपाय नाही. चिखलात अप्रोच शूचे उथळ दाते लगेच भरतात आणि साफ होत नाहीत. चिखलासाठी मोकळे, खोल दातेच हवेत. वॉटरप्रूफ पडद्याच्या बुटाचा आपल्याकडे फारसा उपयोग नाही, कारण सह्याद्रीतला पाऊस वरून मोज्यावाटे आत उतरतो आणि तोच पडदा मग पाणी बाहेर जाऊ देत नाही. जाळीदार, लवकर गळणारा आणि वाळणारा बूट अधिक सुखाचा.

दुकानात बूट पाहायचा तर संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि डोंगरात वापरायचेच मोजे बरोबर न्यावेत. बूट घालून दुकानाच्या पायरीच्या कडेवर फक्त पुढच्या दोन सेंटिमीटरवर उभं राहावं. तळ लगेच दुमडला तर तो फार मऊ आहे. जराही न वाकता टाच आतल्या आत वर निघाली तर तो फार ताठ आहे, किंवा माप चुकलंय. मग तिरक्या फळीवर किंवा रॅम्पवर उतरून पाहावं. बोटं पुढे आदळली, तर अर्धा नंबर मोठा घ्यावा. अप्रोच शू क्लाइंबिंग शूसारखा तंग घ्यायचा मोह होतो आणि विक्रेताही कधी तेच सुचवतो. पाचनईच्या उतारावर असा तंग बूट अंगठ्याचं नख काळं करतो. शेवटी नखाने चवड्याखालचं रबर दाबावं. मऊ रबरात नख किंचित शिरतं आणि खूण हळू भरून येते. कडक रबरावर नख घसरतं.

मऊ रबराची किंमत त्याच्या आयुष्यातून वसूल होते. रोज डांबरी रस्त्यावर घातला, तर अप्रोच शूचा पुढचा पट्टा लवकर झिजतो. म्हणून स्टँडपासून पायथ्यापर्यंतची चाल दुसऱ्या जोड्यात करावी. अंगठ्याखालची कडा गोल झाली, की कंगोऱ्यावरची पकड गेली असं समजावं, मग टाचेकडचं रबर कितीही नवं दिसो. चवड्याभोवतीची पट्टी कापडापासून सुटू लागली, तर लगेच चिकटवून घ्यावी. तिथून ओल आणि धूळ शिरली की पुढचा थर सुटायला वेळ लागत नाही.

हायकिंग बुटाचा शत्रू वेगळा आहे. त्याच्या तळाचा मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता त्याला हळूहळू फोडते आणि न वापरताही तो ठिसूळ होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेला बूट अशा रीतीने मरतो. वरून तो नवाकोरा दिसतो आणि ट्रेकच्या दुसऱ्या तासाला सोल सुटून हातात येतो. काही वर्षं पडून असलेला बूट काढला, तर तळाच्या बाजूचा थर अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. बारीक तडे उमटले, भुगा निघाला किंवा दाबलेला खळगा भरून आला नाही, तर तो बूट डोंगरात नेऊ नये. अप्रोच शूजमध्ये हा थर बहुधा ईव्हीए फोमचा असतो. तो असा ठिसूळ होत नाही, पण दबून सपाट होतो. त्याच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या आणि तळवे आधीपेक्षा लवकर दुखायला लागले, की त्याची उशी संपली. ओले झालेले बूट चुलीपाशी किंवा तळपत्या उन्हात वाळवल्यास दोन्हींतला गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्याला ठेवावेत आणि बोळे ओले झाले की बदलावेत.